जपानी क्लायंटला मेल लिहिताना मान कसा द्यायचा आणि ‘नाही’ कसं कळवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आहेत आणि जपानी कंपन्यांची कामं करणाऱ्या टीमही बऱ्याच आहेत, त्यामुळे हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही जण पूर्ण जपानीत मेल लिहितात, काही इंग्रजीत. खालची बरीचशी उत्तरं दोघांनाही लागू आहेत, जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

सान, सामा, ओन्चू, दोनो… नक्की कुठे काय लावायचं?

माणसाला लिहिताय तर आडनावापुढे सामा. कंपनीला किंवा डिपार्टमेंटला लिहिताय आणि माणसाचं नाव माहीत नाहीये तर ओन्चू. दोन्ही एकाच पत्त्यात एकत्र येत नाहीत, म्हणजे वर कंपनीचं नाव, मग डिपार्टमेंट, मग माणसाचं नाव असेल तर फक्त माणसाला सामा लागतो आणि कंपनीच्या नावापुढचं ओन्चू गळून पडतं.

दोनो वापरूच नका. कागदोपत्री दिसतं ते, पण वरून खाली लिहिल्यासारखं वाटतं, क्लायंटला तर अजिबात नको.

सान बोलताना चालतं आणि ओळख झाल्यावर इंग्रजी मेलमध्येही सर्रास चालतं, ‘डिअर तानाका-सान’ असं. पहिल्याच मेलला मात्र इंग्रजीत लिहीत असलात तरी तानाका-सामा लिहिलंत तर बरं, पुढे समोरून ‘सान’ आलं की तुम्हीही सानवर या. एवढं लक्षात ठेवा की समोरच्यानं जी पातळी ठेवलीये तिच्या खाली आपण होऊन उतरायचं नाही.

हुद्दा लिहायचा की नाही? बुचो-सामा चालतं का?

नाही चालत. शाचो म्हणजे कंपनीचा अध्यक्ष, बुचो म्हणजे विभागप्रमुख, काचो म्हणजे त्याच्या खालचा सेक्शनप्रमुख, हे हुद्देच मुळात मानाचे आहेत, त्याला परत सामा लावला की मानावर मान चढतो आणि ते चूक धरलं जातं. एकतर ‘तानाका बुचो’ लिहा नाहीतर आधी हुद्दा आणि मग नाव, ‘बुचो तानाका सामा’ असं. क्लायंटसाठी दुसरा प्रकार जास्त सेफ.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. जपानमध्ये आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बदल्या-बढत्या बऱ्याच ठिकाणी त्याच सुमारास होतात. मार्चमध्ये जो काचो होता तो एप्रिलमध्ये बुचो झालेला असू शकतो किंवा दुसऱ्याच डिपार्टमेंटला गेलेला असू शकतो. आणि आपल्याकडे मेलचं जुनं टेम्प्लेट वर्षभर तसंच कॉपी-पेस्ट होत राहतं. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत समोरून आलेल्या मेलच्या खालची सिग्नेचर नीट वाचा, बदललेला हुद्दा तिथेच दिसतो.

आडनाव कोणतं तेच कळत नाही!

खरंय, कारण रोमन अक्षरांत काही जण आडनाव आधी लिहितात, काही नंतर. जपान सरकारने स्वतःच्या कागदपत्रांत १ जानेवारी २०२० पासून आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, पण खासगी कंपन्यांमध्ये दोन्ही चालू आहे. सिग्नेचरमध्ये एक शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये असेल तर बहुतेक वेळा तेच आडनाव. तरी शंका असेल तर त्यांच्याच कंपनीतला दुसरा माणूस त्यांना मेलमध्ये काय म्हणतोय ते बघा. फर्स्ट नेमला सान लावून पाठवलं तर कोणी काही बोलणार नाही, पण त्यांना ते खटकतं हे नक्की.

क्लायंटला लिहिताना आपल्या बॉसचा उल्लेख कसा करायचा?

मराठी माणूस इथे सगळ्यात जास्त अडकतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे बाहेरच्या माणसासमोर साहेबांचा उल्लेख आदरानेच होतो. ‘कुलकर्णी सर आज आले नाहीयेत, उद्या येतील’ असंच आपण म्हणतो, ‘कुलकर्णी आला नाही’ म्हटलं तर समोरचा चमकेल. जपानीत नेमकं उलटं आहे. तिथे आधी बघतात की कोण आतला आणि कोण बाहेरचा, उची आणि सोतो. क्लायंट बाहेरचा, आणि तुमची अख्खी कंपनी मॅनेजिंग डायरेक्टरसकट आतली. बाहेरच्याशी बोलताना आतल्या सगळ्यांनी खाली बसायचं. त्यामुळे क्लायंटला जपानीत लिहिताना तुमचा बॉस नुसता ‘कुलकर्णी’ होतो, सान नाही, सर नाही, आणि त्याच्या क्रियापदालाही आदराचं रूप लागत नाही, नम्रतेचं लागतं. ‘हेइशा नो कुलकर्णी’ म्हणजे आमच्या कंपनीचे कुलकर्णी, बस. हुद्दा सांगायचाच असेल तर तो नावाच्या आधी येतो, ‘बुचो नो कुलकर्णी’, कारण नावानंतर आला की तो मान होतो.

आणि तोच बॉस कंपनीतल्या अंतर्गत जपानी मेलमध्ये परत कुलकर्णी-सान किंवा कुलकर्णी बुचो. एकच माणूस, मेल कुणाला चाललाय त्यावर सगळं ठरतं.

मग सीसीमध्ये बॉस असेल तर? तरीही नुसतं कुलकर्णीच. मेल ज्याच्या नावे आहे तो क्लायंट, त्याच्या हिशोबाने लिहायचं. बॉस मराठी असेल आणि जपानी कामाची सवय नसेल तर आधी एकदा समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटेल पोरगं माझं नाव तोडून लिहितंय.

इंग्रजी मेलमध्ये हे इतकं कडक नाहीये, पण क्लायंटला लिहिताना ‘अवर रिस्पेक्टेड कुलकर्णी सर’ वगैरे तरी टाळा.

कंपनीच्या नावालाही हाच नियम. आपली ती हेइशा. त्यांची ती लिहिताना किशा आणि बोलताना ओन्शा. मेलमध्ये ओन्शा लिहिलं तर आभाळ कोसळत नाही पण लिखाणात किशाच योग्य.

कोरियन क्लायंटला पण असंच का?

नाही, आणि म्हणूनच जपानचे नियम उचलून तिकडे लावू नका. कोरियनमध्ये हुद्द्यालाच ‘निम’ लावतात, साजांग-निम, बुजांग-निम, म्हणजे जपानीत जे चूक ते तिथे बरोबर. आणि आपल्या साहेबाचा उल्लेख बाहेरच्यासमोरही साधारण आदरानेच होतो, आपल्या मराठीसारखा. कोरियावर याहून जास्त इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

सुरुवात आणि शेवट कसा करायचा? तीच तीच वाक्यं कंटाळवाणी नाही वाटत?

वाटू देत. नेहमीच्या क्लायंटला ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास’, म्हणजे नेहमी आपलं सहकार्य लाभतं, मग आपली कंपनी आणि नाव, मग विषय, आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमास’. हे प्रत्येक मेलला असतं आणि कोणी ते शब्दशः वाचत नाही, पण नसलं तर लगेच दिसतं. पहिल्यांदाच लिहिताय तर ओसेवा चालणार नाही, कारण अजून त्यांनी तुमच्यासाठी काही केलेलंच नाहीये, तिथे अचानक संपर्क केल्याबद्दल क्षमा मागायची. अंतर्गत मेलला ‘ओत्सुकारेसामा देस’, ते क्लायंटला नाही. ‘गोकुरोसामा’ वरच्या माणसाला कधीच नाही, ते वरून खाली येतं.

‘समजलं, करतो’ यासाठी ‘र्योकाई शिमाशिता’ शिकलेले बरेच जण तेच क्लायंटला पाठवतात. टीममध्ये ठीक आहे, पण क्लायंटला ‘शोची इताशिमाशिता’ लिहा.

केइगोचे, म्हणजे आदराच्या भाषेचे, एवढे प्रकार, सगळे यायलाच हवेत का?

जपानच्या सांस्कृतिक परिषदेने २००७ मध्ये जी मार्गदर्शिका काढली तिच्यात केइगोचे पाच प्रकार केलेत, त्याआधी साधारण तीनच धरले जायचे. रोजच्या मेलसाठी एकच प्रश्न स्वतःला विचारा, हे क्रियापद कोण करतंय? ते करतायत तर आदराचं रूप, मी करतोय तर नम्रतेचं. हे उलटं झालं तर मोठा घोटाळा, म्हणजे स्वतःच्या कामाला आदर आणि क्लायंटच्या कामाला नम्रता. बाकी अति नटवलेल्या वाक्यापेक्षा साधं ‘देस-मास’ मधलं बरोबर वाक्य कधीही चांगलं, परदेशी माणसाकडून ते आनंदाने स्वीकारतात.

क्लायंट म्हणतो ‘केंतो शिमास’, विचार करतो. म्हणजे हो की नाही?

एकट्या शब्दावरून सांगताच येत नाही, आजूबाजूला काय आहे ते बघायचं.

मेलमध्ये पुढची तारीख आहे का? कोणाला विचारणार ते लिहिलंय का? तुम्हाला उलट प्रश्न विचारलाय का, किंमत, कालावधी, सपोर्ट कोण देणार वगैरे? यातलं एक जरी असेल तर विषय जिवंत आहे आणि उशीर होतोय तो बहुधा रिंगीमुळे, म्हणजे प्रस्ताव खालून वर एकेका हुद्द्याच्या मंजुरीतून जातोय आणि प्रत्येक टेबलावर काही दिवस घेतोय. तिथे गप्प वाट बघायची.

यातलं काहीच नाहीये, फक्त छान प्रस्ताव दिल्याबद्दल आभार, आम्ही विचार करतो, पुढेही लोभ असावा, एवढंच, तर ते नाही आहे. ‘मुझुकाशिई’ म्हणजे कठीण आहे, हे पण जवळजवळ नेहमी नाहीच. आपल्या टीमला वाटतं की कठीण आहे म्हणतायत तर आपण सोपं करून दाखवू, आणि मग दुसऱ्या दिवशी दहा स्लाइडचं सोल्यूशन जातं. समोरचा माणूस बिचारा परत कठीण आहे म्हणतो, आता जरा जास्त हळू. ‘मिओकुरासेते इतादाकिमास’ आलं तर मात्र शंका नाही, ह्या वेळी नको असं स्पष्ट कळवलंय.

आपल्याकडेही ‘बघू’, ‘कळवतो’ म्हटलं की आपण समजतो ना, तेवढंच कान लावून वाचायचं.

तरी खात्री करायची असेल तर? सरळ विचारू का?

‘हो की नाही ते सांगा’ असं विचारलंत तर तुम्ही त्याला तोंडावर नाही म्हणायला लावताय, तो ते टाळणार आणि मग उत्तरच येणार नाही. त्याला बाहेर पडायचा दरवाजा उघडून द्या. असं काहीतरी लिहा की पुढच्या टप्प्यासाठी आमच्याकडून काही माहिती हवी असल्यास कळवावे, आणि सध्या वेळ योग्य नसेल तर पुढच्या आर्थिक वर्षात पुन्हा संपर्क करू. नाही असेल तर तो दुसरा अर्धा भाग पकडतो, ‘हो, मग तेव्हा बोलू’, आणि तुमचं उत्तर मिळालं.

‘देकिकानेमास’ चा अर्थ काय? शेवटी मास आहे म्हणजे होकार ना?

नाही!! ह्यात भले भले फसतात. ‘कानेमास’ जोडलं की अर्थ होतो करता येण्यासारखं नाही. ‘ताइओ इताशिकानेमास’ म्हणजे आम्ही हे करू शकत नाही. वाक्यात ‘नाही’ कुठेच दिसत नाही, शेवट होकारी, आणि अर्थ पक्का नकार. घाईत वाचणारा ज्युनियर ‘क्लायंट हँडल करतोय’ असं टीमला सांगून मोकळा होतो. तुम्ही स्वतः लिहिताना हे रूप उपयोगाचं आहे पण जरा थंड वाटतं, काउंटरवरून नियम सांगितल्यासारखं, त्यामुळे जुन्या क्लायंटला शक्यतो खाली दिलंय तसं लिहा.

आम्हाला नाही म्हणायचंय. ‘वी विल ट्राय’ लिहिलं तर चालेल का?

ह्या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. ‘ट्राय करतो’ हा नकार नाहीये. आपल्या डोक्यात तो मवाळ नकार असतो, समोर तो वचन म्हणून नोंदला जातो. तो माणूस ते वाक्य त्याच्या काचोला दाखवतो, काचो बुचोला, तारीख त्यांच्या प्लॅनमध्ये जाते, आणि शेवटच्या आठवड्यात तुम्ही नाही झालं म्हणता तेव्हा तोंडघशी तो पडतो, त्याच्याच साहेबांसमोर. कामाला उशीर झाला हे ते एकवेळ समजून घेतात, पण आधी का नाही सांगितलं हे नाही विसरत.

म्हणजे शब्द कितीही गोल असू देत, निकाल गोल नको.

मग नकाराचा मेल लिहायचा कसा? एखादं उदाहरण द्या.

समजा ३१ जुलैला डिलिव्हरी आहे. १० जुलैला क्लायंटच्या तान्तोशाचा, म्हणजे आपल्याशी रोजचा व्यवहार बघणाऱ्या माणसाचा मेल आला की रिपोर्टची एक जास्तीची स्क्रीन ह्याच डिलिव्हरीत द्या. तुमच्या टीमच्या हिशोबाने टेस्टिंग धरून १२ कामाचे दिवस लागतात आणि सगळी माणसं ३१ पर्यंत अडकलेली आहेत.

पहिलं, त्याच दिवशी दोन ओळींचा पोचेचा मेल. विनंती मिळाली, टीमशी बोलून १३ तारखेपर्यंत उत्तर देतो. इथे होकाराचा वासही नको.

दुसरं, नकाराचा मेल पाठवायच्या आधी तान्तोशाला फोन किंवा छोटा कॉल. मेलला त्याचा बॉस सीसीमध्ये असतो, आणि नकार त्याला आणि त्याच्या बॉसला एकाच वेळी कळला तर त्याची पंचाईत होते. कॉलवर सांगा की ३१ ला अवघड दिसतंय, दोन पर्याय लिहून पाठवतोय, तुम्हाला वर दाखवायला कोणतं सोईचं पडेल. जपानीत याला नेमावाशी म्हणतात, बैठकीआधीच जमीन तयार करून ठेवणं. बऱ्याचदा तोच सांगतो की दुसरा पर्याय आधी लिहा, आमच्या बुचोला तो पटेल. तान्तोशाला ओलांडून थेट बुचोला मेल टाकायचा तर विचारही नको.

मग मेल. जपानी मेलचा ढाचा मराठीत लिहून दाखवतो:

> (कंपनी, डिपार्टमेंट)
> तानाका सामा
>
> नेहमी आपलं सहकार्य लाभतं त्याबद्दल आभारी आहोत. (कंपनी) मधून देशपांडे.
>
> रिपोर्ट स्क्रीनबद्दल आवर्जून विचारणा केलीत त्याबद्दल मनापासून धन्यवाद.
>
> टीममध्ये तपासून पाहिलं. या स्क्रीनला टेस्टिंगसह १२ कामाचे दिवस लागतात, आणि ३१ जुलैच्या मुख्य डिलिव्हरीची क्वालिटी सांभाळणं याला आम्ही प्राधान्य देत आहोत. त्यामुळे अत्यंत दिलगिरीने कळवावं लागतंय की ३१ जुलैच्या डिलिव्हरीत ही स्क्रीन समाविष्ट करणं सध्याच्या स्थितीत कठीण आहे.
>
> त्याऐवजी पुढील दोन पर्याय सुचवतो.
> पर्याय १: मुख्य डिलिव्हरी ३१ जुलै, रिपोर्ट स्क्रीन २१ ऑगस्ट.
> पर्याय २: ३१ जुलैला तोच डेटा सीएसव्ही फाइलमध्ये काढून देऊ, स्क्रीन पुढच्या टप्प्यात.
>
> आपण व्यस्त असताना त्रास देतोय, पण १७ जुलैपर्यंत आपलं मत कळवाल का?
>
> आपल्या अपेक्षेप्रमाणे करता येत नाहीये याबद्दल क्षमस्व. कृपया लोभ असावा.

आता यात काय काय केलंय ते बघा. विनंतीचे आभार आधी आलेत. कारण आकड्यात आहे, कारण तानाका हा मजकूर तसाच उचलून वर पाठवणार, ‘टीम बिझी आहे’ हे त्याला वर दाखवता येत नाही. नकार एकदाच आलाय, तारखेसकट, आणि तो माणसाच्या इच्छेवर नाही तर परिस्थितीवर ठेवलाय, ‘आम्ही करणार नाही’ असं कुठेही नाही. जपानीत हे वाक्य ‘गेन्जो देवा ताइओ गा मुझुकाशिई जोक्यो देस’ असं होतं. आणि पर्याय १ मध्ये तारीख २१ ऑगस्ट आहे कारण ऑगस्टच्या मध्याला ओबोनची सुट्टी असते, १४ ला दिलं असतं तर घ्यायलाच कोणी नसतं.

मराठीत हे सगळं जरा जास्तच वाकल्यासारखं वाटतं, माहितेय. जपानीत ते नॉर्मल आहे.

माफी किती वेळा मागायची?

साध्या नकारात एकदा नकाराच्या वाक्यात आणि हवं तर एकदा शेवटी. प्रत्येक ओळीत ‘मोशिवाके गोझाइमासेन’ टाकलं तर वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी मोठी चूक झालीये जी अजून सांगितलेली नाही. नकार वेगळा आणि चुकीची माफी वेगळी. बग निघाला, डेटा चुकला तर त्या मेलमध्ये पर्याय नंतर, आधी माफी, कारण, आणि परत होऊ नये म्हणून काय करणार ते.

इंग्रजीत लिहितोय, तर एवढं सगळं लागतं का?

शब्द कमी लागतात, क्रम तोच. आभार, कारण, कठीण आहे, पर्याय, तारीख. ‘अनफॉर्च्युनेटली’ आणि ‘इट इज डिफिकल्ट’ ते बरोबर वाचतात. वाक्यं छोटी ठेवा, कारण समोरचा बहुधा ते जपानीत करून वर पाठवणार आहे, आणि इंग्रजीतली डबल निगेटिव्ह, ‘इट इज नॉट दॅट वी कान्ट’ टाइपची, तिथे नेमकी उलटी जाऊ शकतात.

टू आणि सीसीमध्ये नावांचा क्रम खरंच बघतात?

काही कंपन्यांत बघतात. त्यांची माणसं आधी, हुद्द्याने वरून खाली, मग आपली, तीही वरून खाली. मेलच्या आत सीसीतल्यांची नावं लिहायची असतील तरी तोच क्रम. अर्धा मिनिटाचं काम आहे.

उत्तर आलंच नाही तर फॉलोअप कधी?

तुम्ही दिलेल्या तारखेनंतर एक कामाचा दिवस जाऊ द्या. त्याआधी कॅलेंडर बघा, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला गोल्डन वीक, ओबोन, आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीचे पहिले दिवस. या काळात रिमाइंडर टाकू नका. घड्याळ पण बघा, ते साडेतीन तास पुढे आहेत, आपल्या दुपारी तीनला पाठवलेला मेल तिकडे संध्याकाळी साडेसहाला पोचतो आणि दुसऱ्या दिवशीच वाचला जातो. फॉलोअपमध्ये ‘उत्तर आलं नाही’ असं न लिहिता ‘मेल पोचला की नाही याची खात्री करण्यासाठी लिहितोय’ असं लिहा, म्हणजे उशीर झालेला असला तरी तो तुमच्या मेलसर्व्हरवर ढकलून त्याला लगेच उत्तर देता येतं.

जपानी माणूसच म्हणाला की एवढं फॉर्मल नको, फ्रेंडली लिही. ऐकू का?

त्याच्या एकट्याच्या मेलला ऐका, चॅटवर तर नक्कीच. पण ज्या मेलमध्ये त्याचा साहेब सीसीला आहे तिथे परत पूर्ण सामा आणि ओसेवा. तो स्वतःही तसंच करतो, त्याने तुम्हाला लिहिलेले दोन प्रकारचे मेल शेजारी ठेवून वाचा, कळेल.